तारीख नक्की कोणाची पुढे जाते? : अहवालाची मुदत वाढवून मागणाऱ्या एका संदेशाचे प्रकरण

घरात अचानक आजारपण आले की ग्राहकाला लिहिल्या जाणाऱ्या संदेशात बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात, माफी आणि कारण. ग्राहकाला मात्र तिसरेच काही हवे असते. ठरलेल्या तारखेच्या मागे त्याच्या स्वतःच्या तारखा उभ्या असतात, त्यातल्या कोणत्या हलणार आणि कोणत्या जागेवर राहणार हे त्याला कळायला हवे असते. हे नीट दिसावे म्हणून येथे एकच प्रकरण सविस्तर घेतले आहे. त्यातली माणसे आणि संस्था नमुन्यादाखल घेतलेल्या आहेत. २०२५ सालचे कॅलेंडर, सहकार कायद्याची मुदत आणि छपाईचे गणित मात्र प्रत्यक्षातले आहे.

काम आणि त्याच्या तारखा

सांगलीची एक डिझायनर घरून स्वतंत्रपणे काम करते. तिच्याकडे जवळच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल आहे. आत ६४ पाने एका रंगात, कव्हर चार रंगांत, बांधणी सेंटर पिनची. पूर्ण प्रूफ शनिवार, ३० ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजता द्यायचे ठरले आहे.

ही तारीख कुठून आली ते शेवटाकडून मोजले की कळते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७५ प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्याआधीचा शेवटचा रविवार २८ सप्टेंबर, आणि सभा त्याच दिवशी ठरली आहे. या संस्थेच्या पोटनियमांप्रमाणे नोटीस सभेच्या १४ पूर्ण दिवस आधी सभासदांना मिळायला हवी. नोटीस मिळाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस यात धरत नाहीत. म्हणजे १४ ते २७ सप्टेंबर हे ते चौदा दिवस, आणि नोटीस शनिवार, १३ तारखेपर्यंत घरोघर पोहोचायला हवी. नोटीस अहवालातच छापलेली आहे. शाखांचे सेवक हाताने वाटणार, बाहेरगावच्या प्रती टपालाने जाणार, त्यासाठी मंगळवार, ९ तारखेला गठ्ठे संस्थेत हवेत. प्रेसला छपाई, घडी, पिन आणि कटिंगला तीन दिवस लागतात. ६ तारखेला अनंत चतुर्दशी आणि ७ ला रविवार असल्याने ते तीन दिवस ४, ५ आणि ८ असे पडतात. म्हणून अंतिम फाइल प्रेसला बुधवार, ३ सप्टेंबरला संध्याकाळी ७ वाजेपर्यंत मिळालीच पाहिजे. ३० ऑगस्ट ते ३ सप्टेंबर हा मधला काळ संस्थेने प्रूफ वाचायचा आणि दुरुस्त्यांचा आहे.

तेव्हा या कामात प्रत्यक्षात दोन तारखा आहेत. ३० ऑगस्ट डिझायनरची आहे आणि थोडी ताणता येते. ३ सप्टेंबर प्रेसची आहे आणि ती ताणली तर नोटिशीची मुदत चुकते. सभा पुढच्या रविवारी, ५ ऑक्टोबरला, ढकलावी तर कायद्याची मुदत उलटते आणि संचालक मंडळ अडचणीत येते. मुदतवाढ मागण्याआधी ही साखळी कागदावर मांडली नाही, तर 'तीन दिवस वाढवून द्या' ही मागणी ग्राहकाच्या कानाला 'सभा धोक्यात आहे' अशी ऐकू येते.

घटना

गुरुवार, २८ ऑगस्टला रात्री आठच्या सुमारास डिझायनरची आई न्हाणीघरात घसरून पडते. खुब्याचे हाड मोडले आहे. मिरजेच्या एका रुग्णालयात दाखल केले आहे आणि शस्त्रक्रिया करावी लागणार आहे. आईला मधुमेह आहे. ६४ पैकी पहिली ४० पाने लागलेली आहेत, शेवटची २४ बाकी आहेत.

रात्री साडेदहाला ती व्यवस्थापकांना व्हॉट्सअ‍ॅपवर एवढेच लिहिते:

> नमस्कार साहेब. आज रात्री आई घरात पडली, खुब्याचे हाड मोडले आहे. मिरजेला दाखल केले आहे. अहवालाच्या शनिवारच्या तारखेवर याचा परिणाम होणार आहे. किती ते सकाळी डॉक्टरांशी बोलल्यावर ११ वाजेपर्यंत कळवते. आता उत्तराची घाई नाही.

यात मुदत मागितलेली नाही, आणि ते बरोबर आहे. शस्त्रक्रिया कधी, दवाखान्यात किती दिवस, सोबत कोण थांबणार, यातले काहीच त्या रात्री माहीत नसते. अशा वेळी दिलेली तारीख भीतीपोटी तरी खूप लांबची असते किंवा संकोचापोटी खूप जवळची. दोन्ही दुसऱ्या दिवशी बदलाव्या लागतात, आणि बदललेल्या तारखेवर ग्राहकाचा विश्वास पहिल्यापेक्षा कमीच बसतो. रात्रीच्या संदेशाचे काम इतकेच, की शनिवारची तारीख आता पक्की धरू नका हे त्यांना लगेच कळावे आणि पुढची बातमी कधी येणार ते ठाऊक असावे. सकाळी ११ ही वेळ दिली की ती पाळायची. तोपर्यंत डॉक्टर भेटले नसले, तर ११ वाजता तेवढेच कळवायचे.

मागण्याआधीचा हिशोब

शुक्रवारी सकाळी डॉक्टर सांगतात की शस्त्रक्रिया शनिवारी करू, मात्र रक्तातली साखर आटोक्यात आली तरच. वयस्कर माणसाच्या खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो लवकर, साधारण दोन दिवसांच्या आत करण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. साखर वाढलेली असणे किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणे या दोन कारणांनी ती पुढे जाऊ शकते. पुण्याहून भाऊ शनिवारी रात्री पोहोचणार आहे.

आता ती कागद घेऊन तास मोजते. उरलेल्या २४ पानांपैकी १४ आकड्यांच्या तक्त्यांची आहेत. दर पानाला पाऊण तास धरला तर साडेदहा तास. १० पाने साध्या मजकुराची, दर पानाला पाव तास, म्हणजे अडीच तास. शेवटी सगळे एकदा पडताळायला दोन तास. एकूण पंधरा तास. हाताशी वेळ किती? शुक्रवारी तीन तास, शनिवारी शस्त्रक्रिया म्हणून शून्य, रविवारी भाऊ सोबतीला असल्याने पाच, सोमवारी सात. बेरीज पंधराच होते. काम सोमवारी रात्री संपते, त्यावर थोडी सवड ठेवून तारीख निघते मंगळवार, २ सप्टेंबर, सकाळी १०.

एरवी दिवसाला दहा तास काम करणारा माणूस दवाखान्याच्या दिवसांतही मनातल्या मनात दहाच धरतो, आणि मुदतवाढ बहुधा इथेच फसते. औषधे आणणे, विम्याचे कागद, नातेवाइकांचे फोन, रात्रीचे जागरण यांतून तीन-चार तास सलग मिळाले तरी पुष्कळ. दवाखान्यातल्या खुर्चीत बसून लॅपटॉपवर ताळेबंद लावता येईल असे वाटते खरे, पण आकड्यांची पाने तिथे लावूच नयेत. का, ते पुढे येईल.

दुसरा प्रश्न हा, की शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली तर काय? त्यासाठी ती ओळखीच्या एका डीटीपी ऑपरेटरला फोन करते. अहवाल ज्या सॉफ्टवेअरमध्ये आणि ज्या मराठी फॉन्टमध्ये लावला आहे, ते दोन्ही त्याच्याकडे आहेत का, हे आधी विचारते. जुन्या पद्धतीच्या, यूनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मजकूर असेल आणि समोरच्याकडे तोच फॉन्ट नसेल, तर ओपन फाइल देऊनही त्याला पानावर अक्षरांचा कचराच दिसतो. त्याच्याकडे सगळे आहे, आणि रविवारी दुपारी फाइल मिळाली तर मंगळवारपर्यंत तो काम पुरे करू शकतो. हा फोन संदेशाच्या आधी झाला पाहिजे. 'गरज पडली तर पर्यायी व्यवस्था करीन' हे वाक्य व्यवस्था ठरलेली नसताना लिहिणे म्हणजे खोटे बोलणेच.

तिसरा फोन प्रेसला. सेंटर पिनच्या ६४ पानांत १६ पानांचे चार फर्मे, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेले कागद, एकात एक बसतात. सर्वांत बाहेरच्या फर्म्यात पान १ ते ८ आणि ५७ ते ६४ असतात, त्याच्या आतल्यात ९ ते १६ आणि ४९ ते ५६, मग १७ ते २४ आणि ४१ ते ४८, आणि सगळ्यात आत २५ ते ४०. म्हणजे पहिली ४० पाने तयार असली तरी प्रेसच्या दृष्टीने एकच फर्मा पूर्ण आहे, २५ ते ४० चा. पहिल्या २४ पानांना शेवटच्या २४ साठी थांबावेच लागणार. हे न पाहता 'निम्म्याहून अधिक काम तयार आहे, छपाई सुरू करता येईल' असे लिहिले असते, तर ग्राहकाने त्यावर भरवसा ठेवून प्रेसला फोन केला असता आणि तिथे तोंडघशी पडला असता. प्रेसवाले म्हणतात, तो एक फर्मा सोमवारी पास होऊन आला तर आधी छापून ठेवू.

मुख्य संदेश

शुक्रवारी पावणेअकराला ती हा मजकूर ईमेलने पाठवते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तसाच टाकते. ईमेल यासाठी, की व्यवस्थापकांना तो अध्यक्षांना दाखवावा लागेल.

> विषय : वार्षिक अहवाल – पूर्ण प्रूफ ३० ऑगस्टऐवजी २ सप्टेंबरला देण्याबाबत विनंती
>
> नमस्कार साहेब,
>
> अहवालाचे पूर्ण प्रूफ शनिवारऐवजी मंगळवार, २ सप्टेंबरला सकाळी १० वाजता द्यायला परवानगी द्यावी, ही विनंती. प्रेसला अंतिम फाइल देण्याची ३ सप्टेंबर, संध्याकाळी ७ ही वेळ बदलणार नाही.
>
> काल आईच्या खुब्याचे हाड मोडले. उद्या शस्त्रक्रिया ठरली आहे. रविवारपर्यंत दवाखान्यात मीच सोबत आहे, त्यामुळे रोजच्यासारखे तास देता येणार नाहीत.
>
> पहिली ४० पाने तयार आहेत, त्यांची पीडीएफ सोबत जोडली आहे. यातली २५ ते ४० ही पाने आधी वाचून सोमवारी दुपारपर्यंत पास केलीत तर प्रेस तो फर्मा आधी छापून ठेवेल. त्यांच्याशी बोलले आहे.
>
> या बदलाने आपली एक अडचण होते. शेवटच्या २४ पानांच्या वाचनाला जवळजवळ चार दिवस होते, ते आता मंगळवार सकाळ ते बुधवार दुपार १२ इतकेच राहतात, आणि मंगळवारी गौरी विसर्जन आहे. वाचायला आणखी कोणी देता आले तर बरे होईल.
>
> शस्त्रक्रिया पुढे गेली तर रविवारी दुपारी १२ वाजता मी उरलेले काम एका अनुभवी ऑपरेटरकडे देईन. त्यांनी होकार दिला आहे. त्याचा खर्च माझ्याकडे. काम कोणीही केले तरी मंगळवारची वेळ तीच राहील. काय ठरले ते रविवारी १२ वाजता कळवते.
>
> हे चालेल का, ते आज संध्याकाळपर्यंत सांगितलेत तर बरे होईल. चालत नसेल तर काम आजच त्यांच्याकडे सोपवते.

मागणी पहिल्याच वाक्यात आहे. जे बदलत नाही ते लगेच त्यापाठोपाठ आहे, कारण 'मुदत' हा शब्द वाचताच व्यवस्थापकांचे लक्ष सभेच्या तारखेकडे जाणार. कारण तिसऱ्या जागी आणि तीन वाक्यांत. आजाराबद्दल कामाच्या तासांशी संबंध असलेलेच लिहिले आहे. एक्स-रे किंवा दवाखान्यातला फोटो जोडलेला नाही. ती आईची खासगी गोष्ट आहे, आणि न मागता पुरावा दिला की समोरच्याला उगाच आपण संशयी असल्यासारखे वाटते. करारात कागद मागण्याची अट असेल तर मागितल्यावर दाखल केल्याचा कागद द्यावा.

सगळ्यात अवघड परिच्छेद अडचणीचा. लिहिणाऱ्याचा हात तिथे अडखळतो, कारण आपणच आपल्या विनंतीविरुद्ध मुद्दा देतोय असे वाटते. पण वाचनाचा वेळ निम्म्याहून जास्त कमी होतो आहे, हे व्यवस्थापकांना मंगळवारी सकाळी समजले असते तर विसर्जनाच्या दिवशी दुसरा वाचक मिळाला नसता. शुक्रवारी समजले म्हणून ते माणूस शोधू शकतात. या संदेशाचा प्रामाणिकपणा या परिच्छेदाने ठरतो. आजाराची खरी हकिकत सांगणे त्या मानाने सोपे असते.

'रविवारी १२' ही वेळ दुसऱ्या मुदतवाढीच्या जागी आहे. एकदा वाढवून घेतलेली तारीख पुन्हा वाढवायला लागणे हे ग्राहकाच्या दृष्टीने पहिल्या उशिरापेक्षा वाईट, कारण तोवर त्याच्याकडचा पर्यायही संपलेला असतो. म्हणून निर्णयाचा क्षण इतका आधी ठेवला आहे, की त्यानंतरही दुसऱ्या माणसाला काम पुरे करायला वेळ उरतो.

असाच संदेश कसा बिघडतो

याच प्रसंगी सर्रास लिहिला जाणारा मजकूर असा असतो: 'सर, घरगुती अडचणीमुळे काम थोडे मागे पडले आहे. दोन-चार दिवस सांभाळून घ्या. लवकरात लवकर देण्याचा प्रयत्न करते.' यात खोटे एकही अक्षर नाही, तरी ग्राहकाच्या हाती काही लागत नाही. दोन-चारमधले दोन तो धरतो आणि चार लिहिणारी धरते, म्हणजे सोमवार आणि बुधवार इतका फरक पडतो, आणि बुधवारी तर प्रेसची वेळ आहे. 'घरगुती अडचण' म्हणजे पाहुणे आले, गौरी बसल्या, की कोणी दवाखान्यात आहे, हे कळत नाही. सणाच्या आठवड्यात तर तो गौरीच समजणार.

दुसरा बिघाड लांबीचा. आई कशी पडली, रिक्षा कशी मिळाली, रात्रभर काय झाले, आणि शेवटच्या ओळीत 'त्यामुळे थोडा उशीर होईल'. वाचणाऱ्याचे मन हेलावते, पण त्याला 'हो' किंवा 'नाही' म्हणता येईल असा प्रश्न कुठेच नसतो. तो 'काळजी घ्या' म्हणतो, लिहिणारी त्याला होकार समजते, आणि सोमवारी वाद होतो. सहानुभूती म्हणजे परवानगी नाही. म्हणूनच वरच्या संदेशाच्या शेवटी सरळ विचारले आहे.

तिसरे म्हणजे अपराधीपणातून स्वतःहून दिलेली सवलत. 'बिलात वीस टक्के कमी करते' असे लिहिण्याची येथे गरज नव्हती. प्रेसची तारीख सांभाळली आहे, पर्यायाचा खर्च तिने उचलला आहे, तेवढे योग्य आहे. उशिरामुळे ग्राहकाचा वेगळा खर्च झाला, उदाहरणार्थ प्रेसने रात्रपाळीचे जादा पैसे लावले, तर तो भरून देणे न्यायाचे. कामाच्या पत्रात उशिराच्या दंडाची अट आहे का, हे मात्र संदेश लिहिण्याआधी पाहावे. अशा अटींमधल्या अपरिहार्य परिस्थितीच्या यादीत बहुधा पूर, आग, संप, टाळेबंदी असते. घरातले आजारपण त्यात आपोआप बसते असे धरू नये.

उत्तर आणि पुढचे पाच दिवस

दुपारी व्यवस्थापकांचा फोन येतो. 'ताई, आधी आईंकडे बघा. मंगळवार चालेल. फक्त ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकाची पाने आधी द्या, लेखापरीक्षकांना दाखवायची आहेत.' ती चार पाने आहेत, तीन तासांचे काम, आणि शुक्रवारी तीन तास आहेतच. फोन ठेवल्यावर ती दोन ओळी लिहून पाठवते: 'बोलल्याप्रमाणे पूर्ण प्रूफ मंगळवार, २ तारखेला सकाळी १०. ताळेबंद आणि नफा-तोटा आज रात्री ९ पर्यंत.' फोनवरचे बोलणे लेखी असावे ते अविश्वासापोटी नाही. दवाखान्याच्या धावपळीत ऐकलेली वेळ लक्षात राहत नाही, म्हणून.

शनिवारी सकाळी साखर जास्त निघते आणि शस्त्रक्रिया रविवारी सकाळवर जाते. शनिवारी दिवसभर थांबणेच असल्याने मावशीला सोबत बसवून घरी चार तास मिळतात. ठरलेल्या पंधरा तासांतले सात आता झाले आहेत. व्यवस्थापकांना लगेच काही कळवायची गरज नाही, कारण त्यांना दिलेली वेळ रविवारी १२ ची आहे. रविवारी शस्त्रक्रिया होते. बरोबर १२ वाजता ती लिहिते: 'शस्त्रक्रिया झाली, आई ठीक आहे. काम मीच पुरे करते. मंगळवार १० कायम.' सगळे सुरळीत असतानाही हा संदेश जायला हवा. तो गेला नाही तर ग्राहक गप्प राहण्याचा अर्थ वाईटच लावतो. ऑपरेटरलाही त्याच वेळी कळवले जाते, म्हणजे त्याने राखून ठेवलेला वेळ मोकळा होतो.

रविवारी संध्याकाळी एक तास मिळतो, सोमवारी सात. २५ ते ४० चा फर्मा सोमवारी दुपारी पास होऊन प्रेसला जातो. मंगळवारी पावणेदहाला उरलेली पाने पोचतात.

बुधवारी सकाळी दुसऱ्या वाचकाला, म्हणजे संस्थेच्या हिशोबनिसाला, पान ५२ वर चूक सापडते. तुलनात्मक तक्त्यात मागील वर्ष आणि चालू वर्ष या रकान्यांची शीर्षके उलटी पडली आहेत, त्यामुळे ठेवी वाढण्याऐवजी घटलेल्या दिसतात. हे पान सोमवारी रात्री उशिरा लागलेले आहे. थकलेल्या डोळ्यांकडून आकडा सहसा चुकत नाही, कारण तो चिकटवलेला असतो. चुकतात ती शीर्षके, रकान्यांचा क्रम आणि मागच्या वर्षीच्या अहवालातून तशीच राहिलेली तारीख. म्हणून असे काम पडताळताना आकड्यांआधी याच तीन जागा पाहाव्यात, आणि शक्यतो सकाळी. हा हिशोबनीस वाचायला बसला होता तो शुक्रवारच्या त्या अडचणीच्या परिच्छेदामुळे.

दुपारी १२ ला दुरुस्त्या येतात, एकूण अकरा. बदललेल्या पानांचीच पीडीएफ तीनला परत जाते, पाचला होकार येतो, साडेसहाला अंतिम फाइल प्रेसला पोचते. त्यासोबत ती व्यवस्थापकांना शेवटचे कळवते: अंतिम फाइल दिल्याची वेळ, पान ५२ ची दुरुस्ती झाल्याची नोंद, आणि प्रेसने ८ तारखेला संध्याकाळी गठ्ठे देण्याचे मान्य केल्याचे. आईला गुरुवारी घरी सोडणार असल्याचे ती एका ओळीत सांगते, कारण त्यांनी ते विचारले होते.